आयुर्वेदिक औषधाची डबी मागून वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे. दुकानाच्या एका भिंतीवर गोळ्यांच्या स्ट्रिप्स, समोरच्या भिंतीवर चूर्णं, आसवं आणि गुग्गुळ, आणि मध्ये मी, अशी बरीच वर्षं गेली. दोन्ही भिंतींवरचा माल मी विकतो, म्हणून कुठल्या एका बाजूची वकिली इथे करणार नाही. काउंटरवर जे प्रश्न रोज येतात, त्यांची उत्तरं निवांतपणे लिहून ठेवतोय, कारण गर्दीच्या वेळी ती नीट देता येत नाहीत.

डबीवर एवढं काही छापलेलं असतं. वाचायला सुरुवात कुठून करू?

मागच्या बाजूने. पुढच्या बाजूला औषधाचं नाव, एखादं पान, एखादे ऋषी आणि '१०० टक्के नैसर्गिक' एवढंच असतं. मागे बारीक अक्षरात 'प्रत्येक गोळीत' किंवा 'प्रत्येक ५ मिलिमध्ये' अशी ओळ सापडेल. खरी माहिती त्या ओळीच्या खाली सुरू होते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांपैकी १६१ व्या नियमाप्रमाणे आयुर्वेदिक औषधात वापरलेल्या सगळ्या घटकांची यादी, वनस्पतींची शास्त्रीय नावं आणि प्रत्येकाचं प्रमाण देणं बंधनकारक आहे. यादी लांब असेल तर ती आतल्या कागदावर छापायची मुभा आहे. म्हणून तो घडी घातलेला कागद फेकून देऊ नका.

वाचताना आधी ते 'प्रत्येक' कशाचं आहे हे बघा. चूर्णाच्या डबीवर बऱ्याचदा प्रत्येक १० ग्रॅमचा हिशेब असतो आणि घ्यायचा असतो अर्धा चमचा, म्हणजे दीड-दोन ग्रॅम. यादीतला आकडा मोठा दिसतो, पोटात त्याचा पाचवा-सहावा भाग जातो. काढ्याच्या बाटलीवर तर 'इतक्या वनस्पतीपासून सिद्ध' असं लिहिलेलं असतं. तिथला आकडा भांड्यात काय टाकलं ते सांगतो. उकळून, गाळून बाटलीत किती उतरलं, ते त्यावरून कळत नाही.

'शास्त्रोक्त' आणि 'प्रोप्रायटरी' यांत फरक काय?

कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जुन्या ग्रंथांची यादी आहे. चरकसंहिता, शार्ङ्गधरसंहिता, भैषज्यरत्नावली, योगरत्नाकर वगैरे. त्यांतल्या पाठाबरहुकूम बनवलेलं औषध ते शास्त्रोक्त. त्याच्या लेबलवर बहुधा ग्रंथाचं नाव असतं आणि च्यवनप्राश, सितोपलादि, आरोग्यवर्धिनी असं सगळ्या कंपन्यांचं एकच नाव असतं. प्रोप्रायटरी औषधात घटक त्याच ग्रंथांमधले, पण मिश्रण कंपनीचं स्वतःचं. नावही कंपनीने ठेवलेलं: शेवटी 'केअर', 'फोर्ट', 'प्लस' असं काहीतरी.

वाचणाऱ्याच्या दृष्टीने फरक असा की शास्त्रोक्त औषधाची यादी तुम्ही ग्रंथाशी ताडून पाहू शकता. प्रोप्रायटरीत मात्र लेबल सोडून तुमच्या हातात काहीच नसतं.

एखादी खरी यादी वाचून दाखवा ना.

आरोग्यवर्धिनी घेऊ. यकृतासाठी, त्वचेसाठी, पोट साफ होण्यासाठी म्हणून लोक ती मागतात, कित्येकदा वैद्यांची चिठ्ठी नसताना, शेजारणीने सांगितलं म्हणून.

रूढ पाठ असा आहे. शुद्ध पारद एक भाग, शुद्ध गंधक एक, लोहभस्म एक, अभ्रकभस्म एक, ताम्रभस्म एक. हिरडा, बेहडा, आवळा प्रत्येकी दोन. शिलाजित तीन, गुग्गुळ चार, चित्रकमूळ चार. इथवर बेरीज बावीस होते. मग या सगळ्यांच्या बरोबरीने कुटकी बावीस भाग. एकूण चव्वेचाळीस. हे सगळं कडुनिंबाच्या पानांच्या रसात खलून गोळ्या वळायच्या. लेबलवर शेवटी 'भावना द्रव्य: निंबपत्र स्वरस, क्यू. एस.' असं लिहिलेलं असतं ते हेच. क्यू. एस. म्हणजे लागेल तेवढं.

आता गोळी २५० मिलिग्रॅमची धरा. निम्मी, म्हणजे १२५ मिलिग्रॅम, कुटकी. म्हणूनच ती जिभेवर ठेवली की तोंड कडूजहर होतं. पारा चव्वेचाळीसातला एक भाग, म्हणजे साधारण ५.७ मिलिग्रॅम. दोन गोळ्या सकाळी, दोन रात्री अशा घेतल्या तर दिवसाला जवळजवळ २३ मिलिग्रॅम आणि महिन्याला ६८० मिलिग्रॅम. हे गणित मी काउंटरवर कागदाच्या तुकड्यावर करून दाखवतो तेव्हा समोरचा माणूस एकदम गप्प होतो. 'ही झाडपाल्याची गोळी ना?' असं विचारतो. झाडपाला आहेच, पण त्याच्यासोबत पारा, गंधक, लोखंड, अभ्रक आणि तांबं आहे, आणि कंपनीने काही लपवलेलं नाही. यादीत 'पारद' असं स्वच्छ लिहिलंय.

केवळ वनस्पतींपासून बनलेल्या औषधात पारा १ पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाखांत एका भागापेक्षा, जास्त नसावा अशी आपल्याकडे मर्यादा आहे. शिशाची १०, आर्सेनिकची ३ आणि कॅडमियमची ०.३. आरोग्यवर्धिनीतला पारा त्या मापाने बावीस हजार पीपीएमच्या पुढे जातो. पण ती मर्यादा रसौषधीला, म्हणजे धातू-खनिजं घालून बनवलेल्या औषधाला, लागूच होत नाही, कारण तिथे पारा भेसळ म्हणून आलेला नसतो, घटक म्हणून टाकलेला असतो. 'कंपनीचा हेवी मेटल रिपोर्ट पास आहे' असं कुणी म्हणालं तर आधी हे विचारा की औषध वनस्पतींचं आहे की रसौषधी.

पण तो पारा 'शुद्ध' केलेला असतो. मग भीती कसली?

या प्रश्नाचं उत्तर दोन्ही बाजूंना न्याय देऊन द्यायला हवं.

रसशास्त्रातलं 'शुद्ध' आणि रसायनाच्या प्रयोगशाळेतलं शुद्ध हे वेगळे शब्द आहेत. शोधन म्हणजे ठरावीक रसात, दुधात किंवा काढ्यात ते द्रव्य खलणं, उकळणं, भिजवणं. त्यानंतर पारा नि गंधक एकत्र खलले की काळी कज्जली होते. रसायनाच्या भाषेत तो बहुतांशी मर्क्युरिक सल्फाइड. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पाऱ्याच्या विद्राव्य क्षारांच्या मानाने आतड्यातून फार कमी शोषला जातो. वैद्य जेव्हा 'हा थर्मामीटरमधला पारा नव्हे' म्हणतात, तेव्हा ते बरोबर असतात.

मात्र 'फार कमी' म्हणजे शून्य नव्हे, आणि खल पुरेसा झालाय की नाही यावर सगळं अवलंबून. कज्जलीची जुनी परीक्षा आहे: थोडी पाण्यात चोळून उन्हात धरायची, एकही चकाकणारा कण दिसता कामा नये. त्याला निश्चंद्र म्हणतात. भस्म बोटांच्या रेषांत भरलं पाहिजे, पाण्यावर तरंगलं पाहिजे. त्या काळातल्या साधनांचा विचार केला तर या परीक्षा हुशारीच्या आहेत. त्यातून भस्म किती बारीक झालं आणि मूळ धातू मोकळा राहिला का, हे कळतं. रोज चार गोळ्या सहा महिने घेणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडावर काय होतं, हे सांगणं त्या परीक्षांचं कामच नव्हतं.

ते हल्ली कळायला लागलंय. २०२२ मध्ये डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचा पारंपरिक औषधांशी संबंध मांडला. त्यात मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा होऊन लघवीतून प्रथिन जायला लागतं. पारा असलेली औषधं हे त्यातलं संशयित कारण. ओळखायची खूण अशी: लघवीला फेस येतो आणि तो बराच वेळ टिकतो, सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायावर बोट दाबलं की खळगा पडतो. यातलं काही दिसलं तर गोळ्या थांबवून लघवीची साधी तपासणी करून घ्या. वेळेत थांबवलं तर बऱ्याच जणांचं मूत्रपिंड सावरतं.

म्हणजे यादीत कुठले शब्द दिसले की थांबायचं?

'भस्म', 'रस', 'सिंदूर', 'पर्पटी', 'कज्जली' हे शब्द औषधाच्या नावात किंवा यादीत आले की आत धातू किंवा खनिज आहे असं समजा. सगळे धातू सारखे नाहीत. मंडूर, लोह हे लोखंड. शंखभस्म, मौक्तिक, प्रवाळ म्हणजे मुख्यतः कॅल्शियम. यशद म्हणजे जस्त. ज्यांच्याबाबत कान टवकारायचे ते हे: नाग म्हणजे शिसं (सापाशी संबंध नाही), पारद आणि हिंगूळ म्हणजे पारा, हरताळ, मनःशिळा आणि सोमल म्हणजे आर्सेनिक.

वनस्पतींमध्ये बचनाग लेबलवर 'वत्सनाभ' म्हणून येतो, कुचला 'कुपीलु' किंवा 'विषमुष्टी' म्हणून, आणि आपला बिब्बा 'भल्लातक' म्हणून. कोकणात बिब्ब्याने अंगावर उठलेले फोड ज्याने पाहिलेत, त्याला जास्त सांगायला नको. हे आणि असे आणखी काही घटक कायद्याच्या अनुसूची ई(१) मध्ये विषारी म्हणून नोंदलेले आहेत. ते असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' अशी सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापावी लागते. ती शोधा. बहुतेक वेळा ती बॅच नंबरच्या आसपास, मुंगीच्या अक्षरात असते. ती सूचना दिसली तर ते औषध ऑनलाइन कार्टमध्ये टाकायचं नाही, वैद्यांकडून लिहून घ्यायचं.

सरकारी परवाना क्रमांक आहे. म्हणजे औषध तपासूनच बाजारात आलं ना?

परवाना आहे म्हणजे कारखाना नोंदलेला आहे, त्याला स्वच्छतेचे आणि उत्पादनाचे नियम लागू आहेत, आणि हे नाव, ही यादी राज्याच्या अधिकाऱ्यांनी मंजूर केली आहे. क्रमांक नसेल तर डबी परत ठेवा, इतका तो महत्त्वाचा आहे. पण हे औषध माणसांवर वापरून ते लागू पडतं का आणि त्याने अपाय होतो का, हे मोजलं गेलं, असा त्याचा अर्थ होत नाही.

ग्रंथातल्या पाठाप्रमाणे, ग्रंथात सांगितलेल्याच उपयोगासाठी बनवलेल्या औषधाला परवाना देताना कायदा सुरक्षिततेचा किंवा परिणामाचा नवा अभ्यास मागत नाही. ग्रंथ हाच पुरावा. प्रोप्रायटरी औषधासाठी प्रकाशित साहित्य आणि एखादा छोटा अभ्यास मागितला जातो. दुसरीकडे मधुमेहाचं नवं रासायनिक औषध आणायचं तर आधी प्राण्यांवर, मग थोड्या निरोगी माणसांवर, मग शेकडो रुग्णांवर आणि शेवटी त्याहून मोठ्या संख्येवर चाचण्या होतात. त्यात निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच दुसरी गोळी, आणि कुणाला काय दिलं हे रुग्णाला किंवा डॉक्टरला माहीत नसतं. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. पित्त, गुडघेदुखी, खाज हे सगळं आपोआप कमी-जास्त होत राहतं. 'मला गुण आला' आणि 'औषधाने गुण आला' यांतलं अंतर मोजायचा दुसरा मार्ग अजून कुणाला सापडलेला नाही.

आयुर्वेदिक औषधाची अशी चाचणी कधी झालीच नाही का?

झाली आहे, आणि सगळ्यांत गाजलेली मुंबईत झाली. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे उन्मादावर आणि झोपेसाठी वापरलं जायचं. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना पद्धतशीरपणे देऊन, आधीचे आणि नंतरचे आकडे नोंदवून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. त्यानंतर जगाचं लक्ष या मुळाकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी त्यातून रिसर्पिन हा घटक वेगळा केला.

पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. रिसर्पिन वेगळं झाल्यामुळे मात्रा मिलिग्रॅमच्या अंशात ठरवता आली, आणि हजारो लोकांनी तीच मात्रा घेतल्यामुळे तोटेही मोजता आले. नाक चोंदणं, सुस्ती, आणि काही जणांत गंभीर उदासीनता. मग मात्रा आणखी कमी केली गेली, आणि त्याहून बरी औषधं आल्यावर रिसर्पिन मागे पडलं. तपासणीने औषध मोठं केलं आणि तपासणीनेच ते बाजूला सारलं. सर्पगंधेच्या चूर्णात मात्र कुठल्या जमिनीतलं, किती वर्षांचं मूळ यावर द्रव्याचं प्रमाण बदलतं, आणि डबीवर फक्त 'सर्पगंधा मूळ, इतके मिलिग्रॅम' लिहिलेलं असतं. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्याने झोपेच्या आयुर्वेदिक गोळीच्या यादीत हे नाव जरूर शोधावं. दोन्हींनी मिळून दाब खाली येतो आणि रात्री बाथरूमला उठताना माणूस पडतो.

लेबलवर 'एक्स्ट्रॅक्ट' लिहिलं असेल तर चांगलं की वाईट?

वेगळं. घरच्या हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के असतं. ९५ टक्के करक्युमिनवालं ५०० मिलिग्रॅम एक्स्ट्रॅक्ट म्हणजे एका कॅप्सूलमध्ये जवळपास १५-१६ ग्रॅम हळदीतलं करक्युमिन, म्हणजे चहाचे पाच चमचे हळद. त्यात 'पिपरीन' असेल, म्हणजे मिऱ्यांमधलं द्रव्य, तर शोषण आणखी वाढतं. ते वाढवण्यासाठीच तर घातलेलं असतं.

'हळद तर आपण रोज खातो' हे म्हणणं त्यामुळे इथे लागू पडत नाही. फोडणीतल्या पाव चमच्याचा अनुभव हजारो वर्षांचा आहे, या कॅप्सूलचा काही वर्षांचा. अमेरिकेत २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, त्यांतल्या बहुतेकांमध्ये एक विशिष्ट जनुकीय खूण आढळली. म्हणजे प्रत्येकाला होणार नाही, पण कुणाला होईल हे डबीवरून कळत नाही.

उलट बाजूही सांगतो: द्रव्याचं प्रमाण टक्क्यांत लिहिलेलं एक्स्ट्रॅक्ट निदान दर वेळी साधारण सारखं तरी असतं. नुसतं '१०:१' लिहिलं असेल तर दहा किलो पाल्याचा एक किलो अर्क एवढाच अर्थ. त्यात नेमकं काय उतरलं हे त्यावरून समजत नाही.

वनस्पतीचं लॅटिन नाव आणि 'भाग' वाचून मला काय कळणार?

गुळवेलीचं बघा. करोनाच्या काळात घरोघरी काढे उकळत होते. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती छापली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, होती कशावरून? तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. तिच्या खोडावर गाठीगाठी असतात. २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांमधून त्रेचाळीस रुग्णांचा अभ्यास आला. त्यातही खरी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण होते, आणि काहींत आधीपासून दबून बसलेला स्वयंप्रतिकाराचा आजार त्यामुळे उघडा पडला असावा असं लेखकांचं मत होतं.

यातून वाचकाने काय घ्यायचं? लॅटिन नाव असेल तर निदान कंपनीने कुठल्या वनस्पतीची जबाबदारी घेतली ते कळतं. कुंपणावरून तोडलेल्या वेलाची जबाबदारी कुणाचीच नसते. आणि थायरॉइडचा, सांध्यांचा किंवा दुसरा स्वयंप्रतिकाराचा आजार असेल तर 'इम्युनिटी वाढवणारं' औषध विचारल्याशिवाय नको, कारण तुमची प्रतिकारशक्ती आधीच चुकीच्या दिशेने लढतेय.

भागाचं उदाहरण अश्वगंधा. ग्रंथात मुळाचा उपयोग सांगितलाय. पानं स्वस्त पडतात म्हणून काही जण ती वापरत होते, तेव्हा २०२१ मध्ये आयुष मंत्रालयानेच पानं वापरू नका असं उत्पादकांना कळवलं. लेबलवर 'मूळ' लिहिलंय का, बघा. नुसतं 'अश्वगंधा' असेल तर मी ती डबी घेणार नाही.

यादीत नसलेलं काही आत असू शकतं का?

असू शकतं, आणि ते वाचून सापडत नाही. गुडघेदुखीच्या पुड्यांत स्टिरॉइड, साखरेच्या चूर्णात रक्तातली साखर उतरवणारी रासायनिक गोळी, आणि 'ताकदीच्या' कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल, हे प्रकार वारंवार पकडले गेले आहेत.

आमच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या सासूबाई. गुडघ्यांमुळे जिना चढत नव्हत्या. कुणीतरी आणून दिलेल्या गोळ्यांनी तिसऱ्या दिवशी देवळात चालत गेल्या. डबीवर शल्लकी, रास्ना, निर्गुंडी, सगळं व्यवस्थित. दोन महिन्यांनी सूनबाई म्हणाल्या, 'आईंची तब्येत सुधारलीय, चेहरा कसा भरलाय बघा.' मी बघितलं तर तो भरलेला चेहरा मला आवडला नाही. गोल, चकचकीत, हातांवर जरासा धक्का लागला तरी काळेनिळे डाग, आणि पूर्वी नसलेली साखर. त्याच सुमारास गोळ्या संपल्या आणि चार दिवसांत त्या अंथरुणातून उठेनात. डॉक्टरांनी सकाळचं कॉर्टिसोल तपासलं, ते तळाला गेलेलं. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. मग डॉक्टरांनी मोजून स्टिरॉइड सुरू केलं आणि कित्येक आठवड्यांत हळूहळू उतरवलं.

जुनाट दुखण्यावर दोन-तीन दिवसांत जादूसारखा आराम, भूक वाढणं, चेहरा सुजणं आणि औषध चुकलं की कोसळणं: ही साखळी दिसली तर संशय घ्या. आणि अशा वेळी औषध स्वतःहून एकदम बंद करू नका. डबी घेऊन डॉक्टरांकडे जा.

अॅलोपॅथीच्या गोळ्या तरी कुठे निर्धोक असतात?

नसतातच. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृत निकामी होतं, आणि विषारी डायथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने मुलं दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. फरक लेबलच्या अर्थात आहे. 'पॅरासिटामॉल आय. पी. ५०० मिलिग्रॅम' म्हणजे इंडियन फार्माकोपियाप्रमाणे त्या गोळ्यांत लिहिल्याच्या ९५ ते १०५ टक्के द्रव्य असलंच पाहिजे, आणि कुठल्याही प्रयोगशाळेत ते मोजता येतं. किती ग्रॅमला यकृत धोक्यात येतं, कुठल्या औषधासोबत चालत नाही, उतारा काय, हे छापलेलं आहे. दोष सापडला की तो कशाशी ताडायचा ते ठरलेलं आहे. बारा वनस्पतींच्या काढ्यात काही बिनसलं तर बारापैकी कुणामुळे, याचा शोध घेण्यातच महिना जातो.

ज्यूस, चहा, गमी यांच्यावर वेगळाच नंबर असतो. तो कसला?

चौदा आकडी असेल तर तो खाद्यपदार्थांचा परवाना. ती वस्तू कायद्याने औषध नाही, अन्न आहे. त्यामुळे 'मधुमेह बरा करतो' असं तिच्यावर लिहिता येत नाही. खरं तर मधुमेह, कर्करोग वगैरे आजार बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने औषधांनाही करता येत नाही. तरी ती दिसते, हा भाग वेगळा.

परदेशातल्या मुलीसाठी भस्मं, गुटिका पाठवायच्या आहेत. पाठवू का?

गरोदर असेल किंवा तसा विचार असेल तर धातूचं काहीही नको. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ साली भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं सापडलं होतं, आणि शिसं आईकडून बाळाकडे जातं. तिथल्या डॉक्टरला 'हर्बल' एवढंच सांगितलं तर तो शिशाची तपासणी करायला सांगणार नाही. यादीचा फोटो पाठवा आणि 'नाग', 'पारद' या शब्दांचे अर्थ इंग्रजीत सोबत लिहून द्या. आजवर मी अशा दोन-तीन चिठ्ठ्या गिऱ्हाइकांना लिहून दिल्यात.

गोळ्या संपल्यावर डबी ठेवायची का?

पुढचे तीन-चार महिने ठेवा, तळाशी दोन-चार गोळ्यांसकट. यकृत किंवा मूत्रपिंड बिघडतं ते औषध सुरू केल्यावर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. तोवर डबी भंगारात गेलेली असते आणि डॉक्टरांनी विचारलं की 'हिरव्या झाकणाची होती' एवढंच आठवतं. डबी असली की यादी वाचता येते, बॅच नंबर मिळतो, आणि गरज पडली तर उरलेली गोळी प्रयोगशाळेत धातूंसाठी तपासता येते. माझ्या काउंटरखाली लोकांनी आणून दिलेल्या अशा डब्यांचा एक खोका आहे. प्रत्येकीवर पेनने नाव आणि तारीख लिहिलेली आहे.